बोगस जर्नल आणि परिषदांची खोटी निमंत्रणं: पेपर पाठवण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर इथल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत पीएच.डी. करणाऱ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उघड दिसणारी फसवणूक बहुतेकांच्या लक्षात येते. त्यामुळे इथे जास्त जागा दिली आहे ती खऱ्या जर्नलचं नाव आणि नंबर चोरून उभ्या केलेल्या नकली संकेतस्थळाला.

वेबसाईटवर ‘यूजीसी अप्रूव्हड’ किंवा ‘यूजीसी-केअर लिस्टेड’ असं लिहिलं आहे. एवढं पुरे ना?

नाही. आज हा शिक्का दिसला तर उलट सावध व्हावं. यूजीसीची पहिली यादी २०१७ ची. तिच्यातल्या १,००९ जर्नलांची पुण्याच्या अभ्यासकांनी छाननी केली तेव्हा सुमारे ८८ टक्के जर्नलं निकृष्ट निघाली. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ नावं काढून टाकली. मग २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं यूजीसीने जाहीर केलं. आता कोणतं जर्नल ग्राह्य धरायचं हे संस्थांनी स्वतः निकष लावून ठरवायचं आहे. यूजीसीने त्यासाठी फक्त सुचवलेले मुद्दे दिले आहेत.

म्हणजे ‘आमचं जर्नल सध्या यूजीसी-केअरमध्ये आहे’ असं कुणी आज सांगत असेल, तर तो अस्तित्वात नसलेल्या यादीचा हवाला देतो आहे. ‘अमुक वर्षी यादीत होतो’ हे विधान खरं असू शकतं, पण त्यावरून आजचा दर्जा कळत नाही.

मग विद्यापीठ कोणतं जर्नल मान्य करेल हे कुणाला विचारायचं?

विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाला, आणि लेखी. ईमेलवर एका ओळीचा प्रश्न पाठवा: प्रबंध सादर करण्यासाठी प्रकाशनाची अट आहे का, असल्यास कोणत्या निकषांचं जर्नल चालेल. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली, पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. कँटीनमधल्या माहितीवर विसंबून घाईने पेपर छापणारे बरेच असतात. त्यांतल्या काहींना त्या पेपरची गरजच नसते.

मेल आला आहे: ‘आपला शोधनिबंध वाचून प्रभावित झालो, आमच्या स्कोपस जर्नलसाठी पेपर पाठवा.’ तो खरा की खोटा, हे कसं ओळखायचं?

एक उदाहरण धरून चालू. समजा, परभणीतल्या एका विद्यार्थिनीचं काम तुरीच्या मर रोगावर आहे. तिला असा मेल येतो. जर्नल युरोपातलं, चाळीस वर्षांपूर्वीचं. मेलमध्ये आयएसएसएन आहे, ‘स्कोपस क्यू-३’ लिहिलं आहे, ७२ तासांत स्वीकृती आणि ९,५०० रुपये शुल्क. ती त्या जर्नलचं नाव स्कोपसवर टाकते आणि ते सापडतं. गाईडही म्हणतात, ‘हो, हे जुनं जर्नल आहे, मला माहीत आहे.’ इथेच बरेच जण थांबतात आणि पैसे भरतात.

चूक कुठे होते पाहा. जर्नल खरं आहे हे सिद्ध झालं, पण मेलमधलं संकेतस्थळ त्या जर्नलचं आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. अशा नकलेला क्लोन केलेलं किंवा हायजॅक झालेलं जर्नल म्हणतात. नाव, आयएसएसएन, मुखपृष्ठ, कधी कधी संपादक मंडळही मूळ जर्नलचं उचललेलं असतं. बदललेला असतो फक्त पत्ता, आणि पैसे जातात त्या पत्त्याच्या मालकाकडे.

तपासणी अशी करावी. मेलमधल्या दुव्यावर क्लिक न करता सुरुवात करायची.

पहिल्यांदा portal.issn.org वर आयएसएसएन टाका. शोध मोफत आहे. नोंदीत जर्नलचं नाव, देश, माध्यम आणि बऱ्याचदा प्रकाशक किंवा संकेतस्थळ दिसतं. छापील आणि ऑनलाईन आवृत्तीला वेगवेगळे आयएसएसएन असतात. फक्त छापील आवृत्तीची नोंद असलेलं जर्नल ‘आम्ही फक्त ऑनलाईन आहोत’ म्हणत असेल, तर खोलात जायला हवं. आपल्या उदाहरणात नाव आणि देश जुळले, पण नोंदीतलं संकेतस्थळ मेलमधल्यापेक्षा वेगळं निघालं.

दुसरी पायरी सगळ्यांत उपयोगी, आणि तीच सगळ्यांत कमी लोक करतात. त्या जर्नलमधला दहा-बारा वर्षांपूर्वीचा एखादा पेपर गूगल स्कॉलरवर किंवा दुसऱ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत शोधा. त्याचा डीओआय घ्या आणि https://doi.org/ च्या पुढे जोडून उघडा. डीओआय जिथे नेतो तो मूळ प्रकाशकाचा पत्ता. तो आणि मेलमधला पत्ता वेगळा असेल, तर मूळ प्रकाशकाच्या पानावरच्या संपर्क पत्त्यावर विचारायचं की ‘हे दुसरं संकेतस्थळ तुमचं आहे का?’ जर्नल प्रकाशक बदलतात, म्हणून नुसत्या वेगळ्या पत्त्यावर निकाल देऊ नये. पण बदल खरा असेल तर जुन्या पानावर त्याची सूचना असते.

तिसरी पायरी संकेतस्थळाचं वय. .com आणि .org साठी lookup.icann.org, .in साठी registry.in. चाळीस वर्षांपूर्वीचं जर्नल आणि आठ महिन्यांपूर्वी नोंदवलेलं डोमेन, ही जोडी जुळत नाही. मात्र उलट बाजू लक्षात ठेवा. मूळ जर्नलने नूतनीकरण केलं नाही म्हणून सुटलेलं जुनं डोमेन दुसऱ्याने विकत घेतल्याचीही उदाहरणं आहेत, त्यामुळे डोमेन जुनं आहे एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. तेव्हा web.archive.org वर तेच पान मागच्या वर्षांत कसं दिसत होतं ते पाहा. एखाद्या वर्षी सगळा साचा अचानक बदललेला आणि ‘फास्ट पब्लिकेशन’चा फलक लागलेला दिसतो.

शेवटी जुने अंक उघडा. नकली संकेतस्थळावर बहुधा अलीकडचे एक-दोन वर्षांचे अंक असतात, किंवा जुन्या अंकांची नुसती अनुक्रमणिका असते आणि पीडीएफ उघडत नाही. अलीकडच्या अंकातल्या पेपरांचे विषयही बोलके असतात. शेतीच्या जर्नलमध्ये बँकिंग, नर्सिंग, क्रीडा मानसशास्त्र एकाच अंकात असेल, तर संपादक कोण आणि वाचतो काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

या सगळ्याला चहा पीत बसलं तरी अर्धा-पाऊण तास लागतो. आपल्या उदाहरणात दुसऱ्या पायरीलाच निकाल लागला: जुना डीओआय एका विद्यापीठीय मुद्रणालयाच्या पानावर गेला, आणि तिथे ठळक सूचना होती की जर्नल कोणतंही शुल्क घेत नाही. रिट्रॅक्शन वॉच या संस्थेने हायजॅक झालेल्या जर्नलांची यादीही मोफत ठेवली आहे. तीत नाव आहे का बघावं. पण यादीत नाव नाही म्हणजे जर्नल सुरक्षित आहे असं समजू नये, कारण नकला यादीपेक्षा वेगाने निघतात.

स्कोपसवर नाव सापडलं तर आणखी काय पाहायचं?

scopus.com/sources हे पान लॉग-इनशिवाय चालतं. नावाने शोधू नका, आयएसएसएनने शोधा, कारण एका शब्दाच्या फरकाची नावं पुष्कळ आहेत. सापडल्यावर कव्हरेजची वर्षं वाचा. ‘२००९ ते २०२१’ असं दिसलं तर २०२१ नंतरचे पेपर स्कोपसमध्ये नाहीत, आणि नोंद बंद झाल्याचा उल्लेख तिथेच असतो. पण जर्नलच्या पानावर स्कोपसचा लोगो तसाच लावलेला राहतो. लोगो म्हणजे एक चित्र, ते कुणीही चिकटवतं.

काही क्लोन जर्नलांचे पेपर खुद्द स्कोपसमध्येही शिरले होते. म्हणून स्कोपसवर नाव आहे हे पाहिल्यावरही डीओआयची पायरी सोडू नये.

आयएसएसएन असणं म्हणजे सरकारी मान्यता ना?

आयएसएसएन हा निव्वळ ओळख क्रमांक आहे. भारतात तो दिल्लीतून, राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो आणि तो देताना आतल्या संशोधनाचा दर्जा कुणी तपासत नाही. काही जण तर क्रमांकच मनाने ठोकून देतात. तो खोटा आहे का हे कागदावर तपासता येतं, कारण शेवटचा अंक आधीच्या सातांवरून निघतो. बंगळुरूच्या करंट सायन्सचा क्रमांक घेऊ:

```
ISSN 0011-3891
0×8 + 0×7 + 1×6 + 1×5 + 3×4 + 8×3 + 9×2 = 65
65 ÷ 11 : बाकी 10
11 − 10 = 1
```

शेवटचा अंक १, म्हणजे जुळलं. वजाबाकीचं उत्तर १० आलं तर शेवटी X असतो, आणि बाकी शून्य उरली तर ०. हिशेब चुकला तर क्रमांक नक्की बोगस किंवा चुकीचा छापलेला. हिशेब बरोबर आला तरी तो चोरलेला असू शकतो, म्हणून पोर्टलवर पाहावंच लागतं.

आमच्या पेपरला डीओआय मिळेल असं सांगतात. डीओआय तर खोटा नसतो?

डीओआय खराही असतो आणि तरी फसवा असतो. डीओआयची सुरुवात वाचा. 10.5281/zenodo असं असेल, तर तो झेनोडो या खुल्या संग्रहाचा डीओआय आहे. संग्रह उत्तम आहे, युरोपातली सर्न ही संस्था तो चालवते. पण तिथे कुणीही स्वतःची फाईल चढवून दोन मिनिटांत डीओआय मिळवू शकतो. काही जर्नलचालक लेखकाचा पेपर तिथे चढवतात, डीओआय घेतात आणि त्याचे वेगळे पाचशे रुपये लावतात. ते काम तुम्ही स्वतः फुकटात केलं असतं.

कधी डीओआयसारखा दिसणारा आकडा छापलेला असतो आणि doi.org वर टाकला की सापडतच नाही. नव्या पेपरला चालू व्हायला थोडे दिवस लागू शकतात, म्हणून मागच्या वर्षीच्या तीन-चार पेपरांचे डीओआय उघडून पाहा. तेही उघडत नसतील तर विषय संपला.

इम्पॅक्ट फॅक्टर ७.८ लिहिला आहे. एवढा मोठा आकडा खोटा कसा असेल?

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जगभर जो मानला जातो, तो क्लॅरिव्हेट ही कंपनी जर्नल सायटेशन रिपोर्टमध्ये देते. जर्नल त्यांच्या यादीत आहे का हे mjl.clarivate.com वर दिसतं. त्याच्या आधी ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘सायंटिफिक’ असं काही जोडलेलं असेल, तर आकडा कुणी आणि कशावरून काढला हे विचारा. आपल्याकडच्या नव्या बहुविद्याशाखीय मासिकाला ७.८, हे गणित बसत नाही. ‘गूगल स्कॉलर, अकॅडेमिया आणि रिसर्चगेटमध्ये इंडेक्स्ड’ हेही तसंच. तिथे कुणाचंही काही दिसतं.

पैसे मागितले म्हणजे जर्नल बोगस, असं समजावं का?

नाही. खुल्या प्रवेशाची अनेक चांगली जर्नलं शुल्क घेतात, आणि अनेक घेतही नाहीत. पाहायचं ते शुल्क कधी आणि कसं मागितलं जातं हे. चांगल्या जर्नलचं शुल्क पानावर आधीच छापलेलं असतं आणि ते स्वीकृतीनंतर, पावतीसह घेतलं जातं. doaj.org वर जर्नलच्या नोंदीत शुल्क आहे की नाही हेही दिलेलं असतं, ते जुळवून पाहावं.

व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवून एखाद्या व्यक्तीच्या नावावर यूपीआय मागणं, सह-लेखक वाढवले की दर वाढवणं, ‘आज रात्रीपर्यंत भरा, उद्या अंक लागतो’ असा तगादा लावणं, आणि तीन दिवसांत कसलीही दुरुस्ती न सुचवता आलेलं स्वीकृतीपत्र: यांतलं एकही चिन्ह दिसलं तरी थांबा. खरं परीक्षण आठवड्यांत नव्हे, बहुधा महिन्यांत मोजलं जातं. परीक्षकांचे अभिप्राय मागून बघा. ‘गुड पेपर, ॲक्सेप्टेड’ या तीन शब्दांपलीकडे काही हाती आलं नाही, तर परीक्षण झालेलंच नाही.

आमचा विषय मराठी साहित्य. स्कोपसमध्ये काही नाही आणि चांगल्या नियतकालिकांची वेबसाईटही धड नसते. मग?

हा प्रश्न रास्त आहे, आणि वरच्या बऱ्याच कसोट्या इथे गैरलागू ठरतात. मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ किंवा मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ यांची पारख डीओआयवरून करता येणार नाही. इथे अंक हातात घ्यावा लागतो. विभागाच्या ग्रंथालयात मागच्या पाच वर्षांचे अंक आहेत का, तुमच्या विषयातले जाणते लोक तिथे लिहितात का, त्यांचे लेख इतरांच्या प्रबंधांत संदर्भ म्हणून येतात का, हे पाहा. जीमेलचा पत्ता किंवा साधी वेबसाईट हा इथे दोष नाही.

उलट चकचकीत वेबसाईट, इंग्रजी नावात ‘इंटरनॅशनल’ आणि ‘मल्टिडिसिप्लिनरी’, आणि एकाच अंकात दलित साहित्य, जीएसटी, कबड्डी आणि नॅनोकण असतील, तर ते दुकान आहे. मराठीतल्या लेखांना तिथे परीक्षक कोण, हे विचारलं की उत्तर येत नाही.

महाविद्यालयाच्या एकदिवसीय राष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला की ‘विशेषांकात’ छापून मिळतो. त्यात काय वाईट?

परिषदेत काही वाईट नाही. अडचण विशेषांकाची असते. बऱ्याचदा समन्वयक प्रामाणिक असतात आणि प्रकाशकच त्यांच्याकडे येतो: दर पेपरमागे अमुक रुपये, शंभर-दीडशे पेपर द्या, आठवड्यात अंक देतो. आठवड्यात दीडशे पेपरांचं परीक्षण होत नाही, होतं ते फक्त पानं लावण्याचं काम. त्यामुळे परिषदेला जरूर जा, पेपर वाचा, प्रश्न घ्या, पण नोंदणी अर्जावर प्रकाशनाला होकार देण्याआधी जर्नलचं नाव आणि आयएसएसएन मागून वरची तपासणी करा. ‘नाव नंतर कळवू’ असं उत्तर आलं तर फक्त वाचनाची नोंदणी करावी.

आयएसबीएन असलेल्या पुस्तकात पेपर छापला तर तो पुस्तकातला प्रकरण-लेख ठरतो, जर्नलमधला पेपर नाही. भारतात आयएसबीएनही मोफत मिळतो आणि त्याचा दर्जाशी संबंध नाही.

सिंगापूर किंवा दुबईच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं निमंत्रण आलं आहे, ‘प्रमुख वक्ता’ म्हणून. खरं असेल का?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, एकही पेपर नसताना, अनोळखी संस्थेने बीजभाषणाला बोलावलं आणि त्यासाठी नोंदणी शुल्कही तुमच्याकडूनच मागितलं, तर हे निमंत्रण नसून विक्री आहे. अशा उद्योगाचा आवाका किती मोठा असतो हे अमेरिकेतल्या खटल्याने दाखवलं. हैदराबादच्या ओमिक्स समूहावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला. जर्नलांबरोबर परिषदांच्या जाहिरातीही फसव्या असल्याचा मुद्दा त्यात होता. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला.

तपासायला तीन गोष्टी पुरतात. आयोजकाच्या मुख्य पानावर जा. तीच संस्था त्याच आठवड्यात दहा शहरांत वीस विषयांच्या परिषदा घेत असेल, तर प्रत्यक्षात हॉटेलातली एक खोली आणि दहा-बारा गोंधळलेले संशोधक एवढंच हाती लागतं. दुसरं, वक्त्यांच्या यादीतले दोघे निवडा, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरून ईमेल घ्या आणि विचारा की तुम्ही खरंच जाणार आहात का. परिषदेच्या पानावर दिलेल्या पत्त्यावर विचारू नका, तो आयोजकाचाच असतो. बऱ्याच वेळा उत्तर येतं की माझं नाव न विचारता टाकलं आहे. तिसरं, ‘निवडक पेपर स्कोपसमध्ये’ असं लिहिलं असेल तर प्रकाशकाच्या मालिकेचं नाव मागा आणि प्रकाशकाच्याच पानावर ती परिषद शोधा. ‘सबमिटेड फॉर इंडेक्सिंग’ म्हणजे अर्ज केला आहे, एवढंच. अर्ज कुणीही करतो.

नामांकित परिषदेच्या नावात एक शब्द इकडेतिकडे करून तसंच नाव घेणारेही आहेत. म्हणून पूर्ण नाव, मागच्या वर्षाचं शहर आणि आयोजक विद्वत्संस्था जुळवून पाहा. व्हिसासाठी निमंत्रणपत्र दिलं म्हणजे परिषद खरी, असंही नाही. ते पत्र छापायला काही लागत नाही.

पेपर पाठवून झाला आहे, आता शंका आली. काय करू?

कुठल्या टप्प्यावर आहात यावर सगळं अवलंबून आहे. स्वाधिकार-हस्तांतरणाचा अर्ज सही केलेला नसेल आणि पैसे भरलेले नसतील, तर लगेच ईमेलने स्पष्ट शब्दांत पेपर मागे घ्या: शीर्षक, पाठवल्याची तारीख, हस्तलिखित क्रमांक, आणि ‘प्रकाशनाला माझी संमती नाही’ हे वाक्य. सगळ्या सह-लेखकांना आणि गाईडना त्या मेलची प्रत द्या. ‘पेपर मागे घ्यायचे इतके पैसे’ असं उत्तर हमखास येतं. ते भरू नका. दुसरीकडे पाठवताना नव्या संपादकाला हा पत्रव्यवहार आधीच कळवा, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवल्याचा ठपका येणार नाही.

छापून झाला असेल तर मार्ग अवघड. मजकूर जाहीर झाला असल्याने तोच पेपर चांगलं जर्नल बहुधा घेत नाही. काढून टाकण्याची लेखी मागणी करा आणि ती जपून ठेवा, पण ते काढतीलच असं नाही. उरलेली विदा, पुढचे प्रयोग यांवर नवा पेपर लिहिणं हाच बऱ्याचदा व्यवहार्य मार्ग असतो, जुन्याचा उल्लेख प्रामाणिकपणे करून. बायोडेटात तो पेपर लपवायचा की ठेवायचा हे गाईडशी बोलून ठरवा. आमचं मत, निवड समितीने विचारलं तर खरं सांगावं.

भरलेले पैसे परत मिळतील का?

क्वचित. पण वेळ दवडू नका. ऑनलाईन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रारीला यूपीआय किंवा बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, ज्या नावावर पैसे गेले त्याचा स्क्रीनशॉट, आणि सगळे मेल लागतात. व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका, समोरच्याने पाठवलेले संदेश त्याने दोन्हीकडून काढून टाकायच्या आत त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. पैसे परदेशी खात्यात कार्डाने गेले असतील तर त्याच दिवशी आपल्या बँकेकडे व्यवहाराबद्दल लेखी हरकत नोंदवा आणि तिचा तक्रार क्रमांक मागून घ्या.